दिवस मोजणं आणि बाहेर काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनात मला सर्वांत जास्त प्रश्न गोळ्यांबद्दल किंवा कॉपर टीबद्दल येत नाहीत. ते येतात ज्यांना दुकानातून काही आणावं लागत नाही अशा दोन उपायांबद्दल. एकच प्रश्न दहा जणींनी दहा तऱ्हांनी विचारलेला असतो, म्हणून इथे तो एकदाच घेतला आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही "काहीच वापरत नाही", पण नवरा शेवटी बाहेर काढतो. ही पद्धत म्हणायची का?

हो, ही पद्धतच आहे आणि खूप जुनी आहे. वीर्य बाहेर येण्याआधी पुरुषाने लिंग योनीतून बाहेर काढायचं आणि वीर्य योनीपासून, तिच्या तोंडापासूनही, दूर पडेल असं बघायचं. दुसरी पद्धत दिवस मोजण्याची. पाळीच्या तारखांवरून गर्भ राहण्याची शक्यता असलेले दिवस काढायचे आणि त्या दिवसांत संबंध टाळायचा किंवा कंडोम वापरायचा. "काहीच वापरत नाही" हे उत्तर मी रोज ऐकते. मग "तरी दिवस कसे नाही गेले इतक्या वर्षांत?" असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि खरी गोष्ट बाहेर येते.

२. खरं सांगा, या पद्धतींचा भरवसा किती?

मोजायची रीत अशी: शंभर जोडप्यांनी एक वर्ष ती पद्धत वापरली, तर त्यांच्यापैकी कितींना न ठरवता दिवस जातात? काहीच न वापरणाऱ्या शंभरात सुमारे ८५. बाहेर काढण्याच्या पद्धतीत, दर वेळी अगदी बिनचूक जमलं तर ४. पण प्रत्यक्षात लोक जशी वापरतात तशी धरली तर सुमारे २०. तारखा मोजण्याच्या जुन्या पद्धतीत नीट वापरल्यास ९ आणि प्रत्यक्षात १५ च्या आसपास असे आकडे जागतिक आरोग्य संघटना देते. तुलनेसाठी कंडोमचे आकडे २ आणि १३ आहेत.

म्हणजे "याला काही अर्थच नाही" असं म्हणणारे डॉक्टर चुकतात आणि "आमच्या मावशीला वीस वर्षं काही झालं नाही" म्हणणारेही चुकतात. काहीच न करण्यापेक्षा या पद्धती कितीतरी बऱ्या. मात्र हा आकडा एका वर्षाचा आहे. दरवर्षी शंभरात २० हाच हिशेब तसाच पुढे चालवला तर तीन वर्षांत जवळजवळ निम्म्या जोडप्यांना दिवस गेलेले असतील. प्रत्यक्षात जी जोडपी टिकतात ती जास्त सरावलेली किंवा गर्भ सहज न राहणारी असतात, त्यामुळे पुढच्या वर्षांत वेग थोडा मंदावतो. मावशीचं उदाहरण ऐकू येतं ते म्हणूनच. ज्यांचं चुकलं ते आपलं उदाहरण देत नाहीत, त्यांचं मूल शाळेत जात असतं.

३. चार आणि वीस यांत एवढा फरक का? बाहेर काढायचं म्हणजे काढायचं, त्यात अवघड काय?

अवघड आहे ते वेळेचं भान. उत्कर्षबिंदूच्या अगदी जवळ असताना, शरीर नेमकं उलट सांगत असताना थांबायचं असतं, तेही दर वेळी. दारू घेतलेली असते, झोप अनावर झालेली असते, किंवा बऱ्याच दिवसांनी भेट होते आणि अंदाज हुकतो. ज्याला वीर्यपतन लवकर होतं किंवा आधी जाणवत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत मुळातच नाही. सुरुवातीचे जोराचे थेंब सर्वांत घातक, कारण शुक्राणू त्यांत जास्त असतात. "अर्धंच आत गेलं" याला म्हणून काही अर्थ नाही. शिवाय बरीच जोडपी "आज सेफ दिवस आहे" म्हणून मधूनच सूट घेतात. त्याबद्दल प्रश्न ९ बघा.

४. आधी जे चिकट पाणी येतं त्यानेच दिवस जातात म्हणे. मग बाहेर काढून उपयोग काय?

ते पाणी वीर्य नव्हे. ते वेगळ्या ग्रंथींतून येतं आणि तिथे शुक्राणू तयार होत नाहीत. तरी त्यात शुक्राणू सापडू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांचे नमुने तपासले, तेव्हा ११ जणांच्या स्रावात शुक्राणू मिळाले आणि त्यांतल्या १० जणांचे शुक्राणू हालचाल करणारे होते. बाकीच्यांत मिळाले नाहीत. एकाच पुरुषाचे अनेक नमुने घेतले तरी सहसा निकाल बदलत नव्हता. म्हणजे काही पुरुषांच्या स्रावात शुक्राणू येतात, काहींच्या येत नाहीत, आणि आपण कुठल्या गटात हे घरी बसून कळायला मार्ग नाही.

आधी लघवी करून आलं की मूत्रमार्ग धुतला जातो आणि धोका जातो, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्या अभ्यासातल्या पुरुषांनी मागच्या वीर्यपतनानंतर अनेकदा लघवी केलेली होती, तरी शुक्राणू मिळाले. एका रात्रीत दुसऱ्यांदा संबंध येणार असेल तर लघवी करावी आणि लिंग पुसून घ्यावं, तेवढं नुकसान नाही. पण त्याने खात्री मिळत नाही. एवढं सगळं धरूनही बिनचूक वापरात आकडा ४ वर राहतो, तेव्हा या पाण्यापेक्षा प्रश्न ३ मधल्या चुका कितीतरी महाग पडतात.

५. पाळीआधीचे सात आणि पाळीनंतरचे सात दिवस सेफ असतात ना?

आधीचे सात बहुतेकींना बऱ्यापैकी सुरक्षित, नंतरचे सात नाहीत. दोन्हींना एकच नियम लावणं ही या विषयातली सर्वांत जास्त पसरलेली चूक आहे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र गर्भाशयात आणि नलिकेत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे धोक्याचे दिवस साधारण सहा: बीज फुटण्याआधीचे पाच आणि बीज फुटतं तो दिवस. बीज फुटून गेलं की दार बंद होतं. फुटण्याआधी मात्र पुरुषाचे शुक्राणू वाट बघत बसू शकतात. म्हणून पाळी संपल्यासंपल्या आलेला संबंध लवकर बीज फुटणाऱ्या बाईला महागात पडतो. पाळी सहा-सात दिवस चालणारी असेल तर शेवटच्या दिवशीचा संबंधसुद्धा.

६. मग दिवस नेमके मोजायचे कसे? उदाहरण देऊन सांगा.

आधी दोन गोष्टी. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला, संपला तो नव्हे. कितीतरी जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि सगळंच पाच दिवस पुढे सरकतं. दुसरं, एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. अशी निदान सहा चक्रं आधी लिहून काढावी लागतात. त्या सहा महिन्यांत दुसरं काहीतरी वापरायचं.

जपानमध्ये क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली: बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ जवळपास ठरलेला असतो, साधारण १४ दिवसांचा. बदलतो तो त्याआधीचा काळ. हिशेब त्यावरच उभा आहे.

समजा एकीची सहा चक्रं अशी भरली: २७, ३१, २८, २६, ३०, २९. सर्वांत लहान २६ आणि सर्वांत मोठं ३१. लहानातून १८ वजा करायचे: २६ − १८ = ८. मोठ्यातून ११ वजा करायचे: ३१ − ११ = २०. म्हणजे आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत, दोन्ही धरून तेरा दिवस, धोक्याचे. पाळी ३ मार्चला आली असेल तर १० मार्च ते २२ मार्च. पुढच्या महिन्यात सर्वांत जुनं चक्र खोडायचं, नवं धरायचं आणि हिशेब पुन्हा करायचा. एकदा काढलेला आकडा वर्षभर चालवायचा नसतो.

मी पाहिलेली सर्वांत नीट वही एका शिक्षिकेची होती. तांबड्या शाईने पाळीची तारीख, बाजूला चक्राचे दिवस आणि खाली पेन्सिलने वजाबाकी. पेन्सिल का, तर दर महिन्याला पुसावी लागते म्हणून. ती वही बघून मला या पद्धतीबद्दल आदर वाटला, आणि इतकं कितीजणींना जमेल अशी शंकाही आली.

७. सगळं बरोबर मोजूनही दिवस गेले. चूक कुठे झाली?

बहुधा तुमची कुठेच झाली नाही. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. ३ मार्चला पाळी आली आणि सातव्या दिवशी, ९ मार्चला, संबंध आला. धोका आठव्या दिवसापासून, म्हणून मनात काही नव्हतं. पण या महिन्यात बीज अकराव्या दिवशी फुटलं, १३ मार्चला. चार दिवस जुने शुक्राणू तिथे होते. गर्भ राहिला नसता तर हे चक्र २५ दिवसांचं भरलं असतं, आजवरच्या सर्वांत लहान चक्रापेक्षा फक्त एक दिवस कमी.

अडचण इथे आहे. बीज कधी फुटलं हे पुढच्या पाळीवरून मागे मोजायचं, आणि पुढची पाळी अजून यायचीच आहे. मागची चक्रं पुढच्या चक्राची हमी देत नाहीत. शिवाय १८ हा आकडाही थोडा तोकडा आहे. पाळीच्या १४ दिवस आधी बीज आणि त्याआधी पाच दिवस शुक्राणू, हेच १९ होतात, आणि काहींचा १४ चा काळ १६ दिवसांचाही असतो. म्हणून सावध राहायचं असेल तर लहानातून २० आणि मोठ्यातून १० वजा करावेत. वरच्या बाईसाठी ते सहा ते एकवीस होतं. त्यात सातवा दिवस आला असता. किंमत म्हणजे महिन्यातले तेराऐवजी सोळा दिवस गेले.

८. मोबाइलमधलं अ‍ॅप हिरवा दिवस दाखवतं. त्यावर विसंबावं का?

फक्त तारखा भरून घेणारं अ‍ॅप बहुतेक वेळा सरासरी काढतं आणि "चौदाव्या दिवशी बीज" असं धरतं. सरासरी म्हणजे नेमकं जे आपल्याला नको आहे ते. आपल्याला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं चक्र हवं असतं. २००० साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं की दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत सगळे धोक्याचे दिवस बसतात अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच असतात. तारीख लक्षात ठेवायला अ‍ॅप उत्तम आहे. हिरवा रंग मात्र अंदाज समजावा.

९. धोक्याच्या दिवशी बाहेर काढतो, बाकी दिवशी आतच. डबल सेफ झालं ना?

उलट आहे. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून सावकाश सांगते.

जो पुरुष महिनाभर बाहेर काढतो त्याच्या चुकांपैकी बऱ्याच अशा दिवशी होतात, जेव्हा गर्भ राहूच शकत नाही. त्या चुका फुकट माफ होतात. तुम्ही मात्र बाहेर काढणं फक्त धोक्याच्या दिवसांसाठी राखून ठेवलंत. म्हणजे प्रत्येक चूक नेमक्या महाग दिवशीच होणार. गर्भ राहावा म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात बीज फुटण्याच्या पाच दिवस आधी आलेल्या संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता सुमारे दहात एक होती, तर बीज फुटलं त्याच दिवशी तीनात एक. त्यात भर म्हणजे दिवस मोजण्यात चूक झाली (प्रश्न ७), तर त्या दिवशी दुसरा काही अडथळाच नसतो.

दोन्ही एकत्र वापरायच्या असतील तर धोक्याच्या दिवसांत कंडोम आणि बाकीच्या दिवसांत बाहेर काढणं, असं करा. यात दिवसाचा हिशेब चुकला तरी एक अडथळा शिल्लक राहतो. त्याहून सोपं, धोक्याच्या दिवसांत कंडोम घालून शिवाय बाहेरही काढा. फाटला तरी फिकीर कमी.

१०. माझी पाळी कधी २४, कधी ३८ दिवसांनी येते. मला जमेल का?

२४ − १८ = ६ आणि ३८ − ११ = २७. म्हणजे सहा ते सत्तावीस, बावीस दिवस बंद. कागदावर पद्धत आहे, संसारात नाही.

दरमहा वजाबाकी नको असेल तर एक ठरावीक दिवसांची पद्धत आहे. आठवा ते एकोणिसावा दिवस टाळायचा, बस्स. लक्षात ठेवायला ३२ मण्यांची माळही मिळते, एका मण्यावरचं रबरी कडं रोज पुढे सरकवायचं. नीट वापरल्यास शंभरात ५ आणि प्रत्यक्षात १२ असा तिचा निकाल आला. मात्र ती २६ ते ३२ दिवसांच्या चक्रासाठीच आहे. वर्षातून दोनदा चक्र त्याबाहेर गेलं तर ती पद्धत सोडावी लागते. तुमच्यासाठी नाहीच.

११. इतके चांगले उपाय असताना लोक हेच का करतात? अडाणीपणा म्हणायचा का?

मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ४ कोटी ७० लाख स्त्रिया बाहेर काढण्यावर आणि २ कोटी ९० लाख दिवस मोजण्यावर अवलंबून होत्या. त्यांत उच्चशिक्षित भरपूर आहेत.

माझ्यासमोर बसणाऱ्यांची कारणं ऐकली तर ती पटण्यासारखी असतात. एकीला गोळ्यांनी डोकं दुखायचं, दुसरीला कॉपर टीनंतर अंगावरून जास्त जायला लागलं, आणि "सवय होईल" एवढंच तिला सांगितलं गेलं. कुणाला दुकानात जाऊन मागायची लाज, कुणाच्या घरात वस्तू लपवायला जागा नाही. कुणाच्या धर्मात कृत्रिम साधनं वर्ज्य. नवरा महिन्यातून एकदाच घरी येत असेल तर रोज गोळी घेणं तिला व्यर्थ वाटतं. आणि पुष्कळ जणांना "नकोच" असं नसतं, "आत्ता नको" असं असतं. दिवस गेलेच तर चालतील, अशा जोडप्याला शंभरात २० हा धोका परवडतो. ज्या बाईला गर्भ राहिला तर जिवावर बेतेल, तिला शंभरात ४ सुद्धा परवडत नाहीत. आकडा तोच, किंमत वेगळी.

१२. नवरा "काळजी नको, मी बघतो" म्हणतो आणि ऐन वेळी थांबत नाही. काय करू?

ही पद्धत पूर्ण त्याच्या हातात असते आणि परिणाम तुमच्या पोटात वाढतो, हा तिचा मोठा दोष आहे. एकदा हुकलं तर चूक. दर महिन्याला हुकत असेल तर त्याला पद्धत म्हणू नका. तुमच्या ताब्यातला उपाय घ्या: इंजेक्शन, कॉपर टी, गोळ्या. नको म्हटल्यावरही तो जबरदस्ती करत असेल तर तो कुटुंबनियोजनाचा प्रश्नच राहत नाही. एकट्या जाऊन डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला तेवढं स्पष्ट सांगा. लैंगिक आजारांपासूनही या दोन्ही पद्धती अजिबात वाचवत नाहीत, तिथे फक्त कंडोम.

१३. बाळ चार महिन्यांचं आहे, पाळी अजून आली नाही. दिवस कुठून मोजू?

मोजता येणार नाहीत. बाळंतपणानंतर पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधी फुटू शकतं. काहींना पाळी न येताच पुन्हा दिवस जातात ते यामुळेच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस फक्त अंगावरच पितं, या तिन्ही गोष्टी असतील तर स्तनपान स्वतःच चांगलं संरक्षण देतं. एक जरी अट तुटली तर दुसरा उपाय हवा. दिवस मोजायला सुरुवात, पाळी पुन्हा नियमित होऊन निदान तीन चक्रं झाल्यावर. बाहेर काढायला मात्र थांबावं लागत नाही.

गोळ्या नुकत्याच बंद केलेल्यांनाही जवळपास हेच लागू. गोळ्यांवरची "पाळी" ही गोळ्यांनी आणलेली असते, तिच्या तारखा हिशेबात धरू नका. चाळिशीनंतर चक्र मागेपुढे व्हायला लागलं असेल तर प्रश्न १० चं उत्तर तुमचंही आहे.

१४. काल थोडं आतच झालं आणि आज बारावा दिवस आहे. आता?

आता हिशेब करत बसू नका. लिव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी, कारण ती बीज फुटणं लांबवते. बीज फुटून गेलं असेल तर तिचा उपयोग नाही. पाच दिवसांच्या आत कॉपर टी बसवून घेणं हा त्याहून खात्रीचा उपाय, आणि पुढची काही वर्षं तोच कामाला येतो. योनी धुणं किंवा उड्या मारणं याने काही होत नाही, शुक्राणू मिनिटांत आत पोचलेले असतात.

गोळी घेतलीत तर पुढची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते. ते चक्र वहीतल्या हिशेबात धरायचं नाही आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरायचा.

१५. पाळी चार दिवस लांबली आहे, पण आम्ही दर वेळी बाहेरच काढलं. तपासणी कधी करू?

लगेच करायला हरकत नाही. बीज उशिरा फुटलं की पाळी तितकीच लांबते, त्यामुळे चार दिवस म्हणजे दिवस गेलेच असं नाही. पण "आम्ही बाहेरच काढलं" हे कारण तपासणी टाळायला पुरेसं नाही (प्रश्न ४). सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. नकारार्थी आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. तारखांचा भरवसा नसेल तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवता येतो. चाचणी होकारार्थी असेल आणि एका बाजूला ओटीपोटात जोराचं दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण गर्भ नलिकेत असू शकतो.